शकीलाने हिंदीतच का बोलावे?

पॉडकास्टचा एकच भाग मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढायचा ठरला, की उदाहरणे बदलण्याची एक ठरलेली पद्धत असते. मूळ संहितेच्या बाजूला यादी केली जाते. गणपतीच्या जागी छठ, पुरणपोळीच्या जागी लिट्टी-चोखा, एसटी स्टँडच्या जागी रोडवेजचा बस अड्डा, सुमनच्या जागी सुनीता. यादी संपली की रूपांतर झाले असे समजतात. हे काम मी बरेच केले आहे आणि अजूनही करतो, म्हणून या पद्धतीबद्दल माझे मत स्पष्टपणे मांडतो. अशी यादी सणवार आणि पदार्थांपुरती चालते. ज्या भागात उदाहरणच मुद्दा वाहून नेते, तिथे तीच यादी श्रोत्याला खोटी माहिती देते. आणि या याद्यांत एक अदलाबदल अशी असते, जिच्यावर कोणी बोट ठेवत नाही: मराठीत हिंदू कुटुंब, हिंदीत मुस्लिम कुटुंब.

एका भागाचेच उदाहरण घेतो. विषय होता शेतजमिनीत बहिणीचा हिस्सा. भाग साधारण वीस मिनिटांचा. निर्मिती करणाऱ्यांनी दिलेल्या टिपणात एक ओळ होती: मराठी आवृत्तीत सातारा जिल्ह्यातली लता, हिंदी आवृत्तीत उत्तर प्रदेशातली शकीला. दोघींचे वडील वारले आहेत, दोघींना आई आहे, दोन भाऊ आहेत, दोघी सासरी नांदतात. बाकी संहिता तीच, फक्त भाषा बदलायची. सुचवणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. उलट मुसलमान श्रोत्यांनाही जागा मिळावी, असाच हेतू होता. पण ती जागा हिंदीत दिली होती. मुसलमान म्हणजे हिंदी किंवा उर्दू, मराठी म्हणजे हिंदू, ही वाटणी संहितेचा पहिला शब्द लिहिण्याआधीच झाली होती.

आता हिशेब करून पाहू, म्हणजे ही वाटणी केवळ भावनेचा प्रश्न नाही हे कळेल.

लताच्या वडिलांनी स्वतः विकत घेतलेली आठ एकर जमीन आहे असे धरू. मृत्युपत्र नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, दोन मुलगे आणि मुलगी असे चार वारस, चौघांना सारखे. लताचे दोन एकर. जमीन वडिलोपार्जित असती तर गणित वेगळे झाले असते, पण तिथेही मुलगी मुलासारखीच जन्मतः हिस्सेदार आहे. महाराष्ट्राने ही दुरुस्ती १९९४ मध्ये केली, मात्र तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली तिच्याबाहेर राहिल्या. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने तो भेद संपवला. २००५ च्या त्या तारखेला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. म्हणजे लताच्या भागाचा मुद्दा सरळ आहे: कायद्याने हिस्सा दिला आहे, घर तो देत नाही. वारस नोंदीच्या वेळी भाऊ हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतात आणि बहीण माहेर तुटेल या भीतीने सही करते. भाऊबीजेची साडी चालू राहावी म्हणून दोन एकर सुटतात.

आता यादीप्रमाणे लताच्या जागी शकीला लिहा, साताऱ्याच्या जागी मुझफ्फरनगर किंवा आजमगढ लिहा, एकराच्या जागी बिघा लिहा. आई, दोन मुलगे, विवाहित मुलगी आणि बारा बिघे शेत. उत्तर प्रदेशात शेतीचा वारसा राज्याच्या महसूल कायद्याने ठरतो, वैयक्तिक कायद्याने नाही. जुन्या जमीनदारी निर्मूलन कायद्यातही असेच होते, नंतरच्या राजस्व संहितेतही वारसांचा क्रम कायद्यानेच घालून दिला आहे. मृताला विधवा आणि मुलगे असतील, तर विवाहित मुलगी त्यांच्या ओळीत येत नाही. ती मागच्या क्रमांकावर आहे. बारा बिघ्यांचे तीन भाग होतात, आईचे चार, प्रत्येक भावाचे चार. शकीलाचे शून्य. आणि शकीलाच्या जागी सुनीता असती तरीही शून्यच, कारण हा कायदा धर्म विचारत नाही.

लताच्या संहितेतले वाक्य होते, कायद्याने दिले आणि भावांनी घेतले. ते वाक्य शकीलाच्या तोंडी घातले तर ते सपशेल खोटे ठरते. भावांनी सही घेतलेलीच नाही, घेण्याची गरजच नव्हती. लेखपालाने वरासत चढवली तेव्हा खतौनीत तिचे नावच आले नाही. हा भाग ऐकून एखादी शकीला तहसीलमध्ये जाऊन माझा हिस्सा द्या म्हणाली, तर तिला हात हलवत परत यावे लागेल आणि त्याचा दोष आमच्या कार्यक्रमाचा असेल. हिंदी आवृत्तीत मुद्दाच बदलायला हवा: शेतात विवाहितेला मागे ठेवणारा कायदा, आणि गावातल्या घरात, दुकानात मात्र वैयक्तिक कायद्याने मिळणारा हिस्सा, हे दोन वेगळे करून सांगायला हवे. विवाहितेला मागे ठेवणारी ही अट काढा, अशी मागणी जुनी आहे. म्हणून ते वाक्य ध्वनिमुद्रणाच्या दिवशी पुन्हा तपासूनच बोलायचे असते.

दुसऱ्या बाजूने पाहा. शकीलाला उत्तर प्रदेशातून उचलून कोकणात, खेड तालुक्यात आणले तर काय होते? १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहे, हे खरे. पण आपल्या जमीन महसूल संहितेत उत्तर प्रदेशासारखा वारसांचा स्वतंत्र क्रम नाही, त्यामुळे इथे मुस्लिम घरातल्या शेताचा फेरफारही मुस्लिम वारसा कायद्याच्या हिशेबानेच होतो. तेच आठ एकर घ्या. मुले असल्यामुळे आईचा आठवा हिस्सा, म्हणजे एक एकर. उरलेल्या सात एकरांचे पाच भाग, कारण मुलाचे दोन आणि मुलीचा एक. शकीलाचे एक एकर सोळा गुंठे, प्रत्येक भावाचे दोन एकर बत्तीस गुंठे. कोकणात बहुतेक मुसलमान शाफई आहेत, उत्तरेकडे हनफी, पण या चार वारसांच्या हिशेबात त्याने फरक पडत नाही.

म्हणजे एकाच शकीलाला खेडमध्ये एक एकर सोळा गुंठे आणि आजमगढमध्ये काहीच नाही. तिच्या धर्मापेक्षा तिच्या बापाची जमीन कोणत्या राज्यात आहे, हे जास्त ठरवते. पण मराठीला लता आणि हिंदीला शकीला दिली, की श्रोत्याच्या मनात नेमके उलटे बसते. मराठी श्रोता लताची गोष्ट ऐकतो. पुढे कुठेतरी हिंदी भाग कानावर पडला, तर त्याला वाटते की हिंदूंच्या मुलीला समान हिस्सा मिळतो आणि मुसलमानांच्या मुलीला काहीच मिळत नाही, शरियत अशीच आहे. उत्तर प्रदेशच्या महसूल कायद्याचे पाप आमच्या माथी येते. कोणी खोटे बोललेले नसते. फक्त उदाहरणे वाटलेली असतात.

शरियतमध्ये मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा आहे, हा वादाचा मुद्दा आहे आणि तो वाद मराठीतच व्हायला हवा, असे माझे मत आहे. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. त्यांच्या विचारांशी कोणी सहमत असो वा नसो, चिपळूणजवळच्या मिरजोळीचा तो माणूस आपल्या समाजाशी मराठीत भांडत होता. त्याआधी कित्येक शतके श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ग्रंथ लिहिले. आमचे मराठीपण पाहुण्यासारखे नाही. तेव्हा खेडची शकीला मराठी आवृत्तीत बोलली पाहिजे, तिचे सोळा गुंठे मराठी कानांनी ऐकले पाहिजेत. निम्म्या वाट्यावर टीका करायची तर तीही तिच्यासमोर करा. आणि त्याच भागात हेही ऐकू द्या, की तो निम्मा वाटासुद्धा तिच्या हातात पडत नाही. कारण तिचे भाऊही लताच्या भावांसारखाच कागद पुढे करतात आणि माहेर तुटण्याची भीती तिलाही तेवढीच असते.

आता भाषेकडे येतो, कारण उदाहरण ठरले तरी शब्दांत ते पुन्हा घसरू शकते.

पहिला शब्द वडिलोपार्जित. मराठीत जमिनीच्या गोष्टीत तो सवयीने येतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा जन्मतः हक्क, हे वाक्य लतासाठी बरोबर आहे. शकीलासाठी ते चूक आहे, कारण मुस्लिम कायद्यात वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा भेदच नाही आणि जन्मतः हक्कही नाही. वारसा बापाच्या मृत्यूनंतरच उघडतो. म्हणजे मराठी आवृत्तीतल्या मराठी आवृत्तीतही नुसते नाव बदलून भागत नाही, मागचे वाक्य बदलावे लागते. शकीलाच्या परिच्छेदात मी साधे लिहितो: वडिलांच्या मागे राहिलेली जमीन.

दुसरा शब्द वाटणी. मराठीत भावाभावांची ती वाटणी आणि देशाची ती फाळणी. दोन शब्द आहेत म्हणून दोन अर्थ एकमेकांत मिसळत नाहीत. हिंदीत दोन्हींना बँटवारा. उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम घराची गोष्ट सांगताना ‘बँटवारे के बाद’ असे दोन शब्द उच्चारले, की बापाच्या मृत्यूऐवजी १९४७ समोर येते आणि पुढची दोन वाक्ये श्रोता ऐकतच नाही. म्हणून हिंदी संहितेत मी शक्य तिथे हिस्सा हाच शब्द ठेवतो. बँटवारा वापरावाच लागला तर ‘खेत का बँटवारा’ असे पूर्ण लिहितो. मराठीत मात्र वाटणी हाच शब्द हवा. तिथे हिस्सेदारी, विभाजन असले शब्द आणले की वाक्य तलाठी कार्यालयातल्या नोटिशीसारखे वाटू लागते.

तिसरी गोष्ट माहेर. तिला हिंदीत सरळ मायका म्हणता येते, पण पश्चिमेकडे पीहर म्हणतात आणि पूर्वेकडे नैहर. भाऊबीजेच्या साडीच्या जागी काय ठेवायचे, हेही जिल्ह्यावर अवलंबून आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात बहिणीच्या मुलामुलीच्या लग्नात भाऊ भात घेऊन येतो, आणि ही रीत तिथल्या हिंदूंत आहे तशी मुसलमानांतही आहे. तिथे बहीण हिस्सा न मागण्याचे कारण विचारले तर ‘भात कौन भरेगा’ हे उत्तर बरोबर बसते. हेच उदाहरण आजमगढच्या गोष्टीत टाकले तर ऐकणारीला ते परके वाटते. राजस्थानात तर भावांना जमीन सोडून देण्याच्या या प्रकाराला हक त्याग असे नावच आहे. मध्य प्रदेशात लेखपाल नाही, पटवारी आहे. म्हणून हिंदी श्रोता असा कोणी एक नसतो. हिंदी आवृत्तीच्या पहिल्या दोन मिनिटांत ही गोष्ट कोणत्या राज्यातली आहे, हे स्वच्छ सांगणे मला आवश्यक वाटते. मराठीत तसे सांगितले नाही तरी चालते, कारण सातबारा म्हटला की राज्य कळते.

मोजमापाचेही असेच. आपल्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहितात आणि बोलताना एकर-गुंठे म्हणतात. उत्तर प्रदेशात खतौनीवर हेक्टर असतात आणि बोलण्यात बिघा-बिस्वा. पण बिघा जागोजागी लहानमोठा आहे. म्हणून आठ एकरांचे बिघे किती, असे गणित संहितेत करू नये. बारा बिघे हा आकडा मी घेतला तो फक्त तिनाने सहज भाग जावा म्हणून. आठ एकर घेतले तेही त्याच कारणाने. ऐकणाऱ्याच्या हातात कागद-पेन्सिल नसते, त्यामुळे ऐकताना मनात सुटेल असेच गणित हवे.

आणि लांबी. दोन्ही संहिता सारख्याच शब्दांच्या हव्यात असा आग्रह असतो, तो निरर्थक आहे. ‘बहिणीच्या नावावरची जमीन’ हे मराठीत तीन शब्द झाले, ‘बहन के नाम की ज़मीन’ हे हिंदीत पाच. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतो, हिंदीत तो सुटा लिहितात. बोलायला वेळ जवळपास तेवढाच लागतो. म्हणून शब्द मोजू नयेत, मोठ्याने वाचून घड्याळ लावावे. नाहीतर हिंदीतून चांगली वाक्ये विनाकारण कापली जातात.

या सगळ्यात मला सर्वात जास्त अडवणारा शब्द अगदी छोटा आहे. हिंदीत हम. ‘हम अपनी बहनों को हिस्सा नहीं देते’ असे निवेदक म्हणतो, तेव्हा त्या हममध्ये कोण आहे हे श्रोता आपल्या सोयीने ठरवतो. मराठीत तशी पळवाट नाही. आम्ही म्हटले तर ऐकणारा बाहेर राहतो, आपण म्हटले तर तो आत येतो. मुसलमान निवेदक मराठीत ‘आम्ही बहिणींना हिस्सा देत नाही’ म्हणाला, की हिंदू श्रोता निवांत होतो, ही त्यांची गोष्ट आहे म्हणून. ‘आपण देत नाही’ म्हणाला, की त्याला लताचे दोन एकर आठवतात. खेडच्या शकीलाचा परिच्छेद संपतो तिथे मी आपण लिहितो, आणि तपासणाऱ्याने तिथे खूण करून आम्ही सुचवले तर ते मान्य करत नाही. बहिणीची सही घेण्याच्या बाबतीत महाराष्ट्रातले हिंदू आणि मुसलमान एकाच बाजूला उभे आहेत, आणि व्याकरणाने ते सांगण्याची सोय मराठीत आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. प्रत्येकाला फक्त त्याच्याच गावची उदाहरणे ऐकवली, तर मराठी माणसाला उत्तर प्रदेश कधी कळणार, आणि हिंदी ऐकणाऱ्याला कोकण कधी कळणार? म्हणून सगळीच उदाहरणे बदलावीत असे मी म्हणत नाही. दोन्ही आवृत्त्यांत एक उदाहरण समान ठेवतो, तेही भिवंडीचे. भिवंडी, मालेगावात यंत्रमागावर आलेली कितीतरी घरे मुळात उत्तर प्रदेशातली आहेत. अशा घरातला बाप वारला, की इथली खोली महाराष्ट्रात असते आणि शेत आजमगढमध्ये. स्थावर मालमत्तेला ती जिथे आहे तिथला कायदा लागतो. त्यामुळे त्याच मुलीला खोलीत शरियतप्रमाणे वाटा मिळतो आणि शेतात मिळत नाही. हे एक घर मराठीतही सांगता येते आणि हिंदीतही, आणि ते सांगितले की उरलेला फरक समजावून सांगावा लागत नाही.

शेवटी त्या भागाची मांडणी अशी ठरली. मराठीत साताऱ्याची लता आणि खेडची शकीला. हिंदीत पश्चिम उत्तर प्रदेशातली सुनीता आणि तिच्याच गावातली दुसरी शकीला. भिवंडीचे घर दोन्हीकडे. मराठी आवृत्तीत दोन बहिणींचे हिशेब वेगळे येतात पण कागद एकच असतो. हिंदी आवृत्तीत दोघींचा हिशेब एकच येतो. काम दुप्पट झाले, कारण एका संहितेचे भाषांतर करण्याऐवजी दोन संहिता लिहाव्या लागल्या. खर्च वाढतो अशी तक्रार होते, ती खरी आहे. ज्यांना एवढे करणे परवडत नाही, त्यांनी एकच भाषा घ्यावी आणि त्या भाषेत राहणारी सगळी माणसे तिच्यात घ्यावीत.